रिपोर्ट नॉर्मल, तरी आईचं डोकं रोज दुखतं. मग हे दुखणं येतं कुठून?

वाळव्याची_लेक

आई ५४ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं रोज दुपारी चारच्या सुमाराला डोकं धरून बसते. कपाळाभोवती कुणीतरी फडकं आवळून बांधलंय असं सांगते. त्याच्या जोडीला थकवा. सकाळी उठते तीच दमलेली. जिना चढला की हातपाय गळतात, अंग मोडून येतं.

सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, थायरॉइड, शुगर, बी१२, डोळ्यांचा नंबर, शेवटी डोक्याचा एमआरआयसुद्धा. हिमोग्लोबिन ११.८ आलं, बाकी सगळं जागच्या जागी. मागच्या आठवड्यात एका डॉक्टरांनी फाइल मिटली आणि आईकडे न बघता मला म्हणाले, "यांना काही झालेलं नाही, टेन्शन आहे." परत येताना एसटीत आई बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी ढोंग करते का गं?"

मला उपाय नंतर कळला तरी चालेल. टेन्शन मनात असेल तर दुखतं डोकं कसं? आणि मन खचलेलं असेल तर आई "मला वाईट वाटतं" असं का म्हणत नाही? डोकंच का पुढे येतं?

रेवती_ठाणे

अगं, मलाही अगदी असंच व्हायचं. थकवा, पायांना मुंग्या, काही लक्षात राहायचं नाही. शेवटी बी१२ निघालं १४०. इंजेक्शनं घेतली आणि तीन महिन्यांत माणसात आले. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. आईचं बी१२ परत एकदा चांगल्या लॅबमधून करून घे. मनाचं वगैरे काही नसतं, शरीरात काहीतरी कमी पडतंच.

वाळव्याची_लेक

रेवतीताई, दोनदा केलं. दुसऱ्यांदा ४१० होतं.

विचारमंथन

हा आपल्या संस्कृतीचा प्रश्न आहे. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, भावना बोलून दाखवायची मुभाच नव्हती. त्यामुळे दाबलेलं दुःख शरीरातून बाहेर पडतं. पाश्चात्य लोक सरळ "आय ॲम डिप्रेस्ड" म्हणतात, त्यामुळे त्यांची डोकी दुखत नाहीत. आईंना मोकळं बोलू द्या, डोकं आपोआप थांबेल.

मीनल_लेस्टर

विचारमंथन, मी इथे इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, अकरा वर्षं काम करते आहे. रिसेप्शनवर मला रोज ऐकू येतं ते "टायर्ड ऑल द टाइम". हे इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर फाइलवर त्याची आद्याक्षरंच लिहितात. इथे जन्मलेली गोरी माणसंही पाठ, पोट, डोकं, थकवा हेच घेऊन येतात. "मी खचलोय" म्हणून दारात उभा राहणारा माणूस कमीच. त्यामुळे हे फक्त आपल्याकडचं, असं मला तरी वाटत नाही.

भुदरगडचा_डॉक्टर

मी तालुक्याच्या ठिकाणी २६ वर्षं प्रॅक्टिस करतो. या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीनल म्हणतात ते बरोबर आहे आणि त्याला आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या १५ केंद्रांवर एक मोठी पाहणी केली होती. बंगळुरू त्यांपैकी एक. साध्या दवाखान्यात आलेल्यांपैकी ज्यांना डिप्रेशन होतं असे ११४६ जण तिच्यात होते. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. या लोकांतल्या ६९ टक्क्यांनी डॉक्टरकडे येण्याचं कारण म्हणून फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या. पूर्वेकडे जास्त आणि पश्चिमेकडे कमी अशी सरळ विभागणी त्यात दिसली नाही. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे फक्त अंगाच्या तक्रारी सांगणाऱ्यांचं प्रमाण अधिक होतं.

मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढची वाटते. उदास वाटतं का, कशात रस उरलाय का, असं थेट विचारल्यावर "नाही" म्हणणारे जेमतेम ११ टक्के होते. बाकीच्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी सांगितलंही. फक्त तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. म्हणून "दाबलेलं दुःख" हा शब्द मला पटत नाही. दवाखान्यात काय सांगायचं असतं, हे माणसाला ठाऊक असतं. आपण दवाखान्यात डोकं घेऊन जातो, सुनेशी झालेलं भांडण घेऊन जात नाही.

आता दुखतं कसं, ते सांगतो. वेदना डोक्यातल्या एखाद्या जागेवरून निघून जशीच्या तशी जाणिवेत पोचते, असं होत नाही. मधे मेंदू ठरवतो की आलेल्या खबरेला किती महत्त्व द्यायचं. रात्री घरात एकटे असताना स्वयंपाकघरात भांडं पडलं तर केवढा आवाज वाटतो! तेच भांडं लग्नघरात पडलं तर कुणी मान वळवत नाही. भांडं तेच, आवाज तोच. माणूस महिनोन्‌महिने काळजीत असला की मेंदू त्या एकट्या घरातल्यासारखा कान टवकारून बसतो. मान, खांदे, टाळू इथले स्नायू ताणलेले राहतात, दाबले तर दुखतात. झोप उडते, आणि उडालेली झोप वेदना आणखी वाढवते. असं वर्षभर चाललं की वेदना हाताळणारी सगळी यंत्रणाच हळवी होऊन बसते. एमआरआयमध्ये गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो. हा हळवेपणा दिसत नाही.

म्हणून आईंना सांगा की दुखणं शंभर टक्के खरं आहे. "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "तपासलेले आजार सापडले नाहीत" एवढाच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुखल्यावर आई काय घेतात, आणि महिन्यातून किती गोळ्या होतात? आणि पहाटे जाग येते का?

पांथस्थ

डॉक्टर, तुमचा आदर राखून सांगतो. माझ्या बहिणीच्या पाठदुखीला वर्षभर "टेन्शन" म्हटलं गेलं. लग्न मोडलं होतं, त्यामुळे सगळ्यांना कारण आयतंच सापडलं. ती संध्याकाळी कणकण आहे म्हणायची, वजन नऊ किलोंनी उतरलं, तरी कुणी एक्स-रेच्या पुढे गेलं नाही. मणक्याचा टीबी निघाला तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. आता बरी आहे, पण ते वर्ष गेलं ते गेलंच. "मानसिक" हा शिक्का एकदा बसला की तपासणं थांबतं. कृपा करून हे सहज म्हणू नका.

भुदरगडचा_डॉक्टर

पांथस्थ, तुमचं म्हणणं मी डोक्यावर घेतो. बहिणीच्या बाबतीत झालं ती चूक होती, आणि ती चूक होते कशी हे तुम्ही नेमकं सांगितलंत. घरात दुःख आहे म्हणजे आजार नाही, असा उलटा हिशोब झाला. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, बऱ्याचदा असतातच. टीबी झालेला माणूस खचतो आणि खचलेल्या माणसाला टीबी होतो.

संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, रात्रीची झोपमोड करणारी पाठदुखी, पायातली ताकद जाणं, यांपैकी काहीही असेल तर टेन्शनचा विचार बाजूला ठेवून आधी शोध घ्यायचा. डोकेदुखीतही तसंच. अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं. घास चावताना जबडा दुखतो. सकाळी उलटी होते. दिसणं, बोलणं, चालणं बदललं. ताप आणि मान आखडणं. यांत थांबायचं नाही.

यातलं "पन्नाशीनंतर सुरू झालं" आईंना लागू पडतं. म्हणून एमआरआय केला ते योग्यच झालं. ईएसआर झाला नसेल तर तोही करून घ्या, शरीरात कुठे सूज आहे का हे सुचवणारी रक्ताची साधी तपासणी आहे. मी वर्षानुवर्षं ओळखत असलेल्या रुग्णालाही दर काही महिन्यांनी कपडे बाजूला करून पुन्हा तपासतो. आजार नवा उगवू शकतो. शिवाय हात लावून तपासलं की माणसाला कळतं, आपलं दुखणं कुणीतरी खरं मानतंय.

विचारमंथन

मीनल आणि डॉक्टर, देशांबद्दलचं माझं विधान मागे घेतो. पण संस्कृतीचा काहीच संबंध नाही असं म्हणायचंय का? चीनमध्ये डिप्रेशनऐवजी मज्जातंतूंचा अशक्तपणा सांगतात असं वाचल्याचं आठवतं.

भुदरगडचा_डॉक्टर

संबंध आहे, आणि तुम्ही चांगली आठवण काढलीत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन १९८० मध्ये हूनान प्रांतातल्या चांगशा इथे गेले. तिथे शेनजिंग श्वायरुओ, म्हणजे नसांचा अशक्तपणा, हे निदान सर्रास व्हायचं. डोकेदुखी, झोप नाही, चक्कर, थकवा. त्यांनी असे १०० रुग्ण नीट तपासले, तर ८७ जण डिप्रेशनच्या व्याख्येत बसले. इथवर वाचून लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, खरं डिप्रेशनच होतं, हे बिचारे त्याला डोकेदुखी म्हणत होते.

क्लाइनमन तिथे थांबले नाहीत. या माणसांनी सांस्कृतिक क्रांतीची वर्षं काढली होती. कुणाचं शिक्षण तुटलं होतं, कुणाचं घर तुटलं होतं. त्या काळात "मला आयुष्यात निराशा वाटते" असं म्हणणं म्हणजे राजकीय विचार चुकल्याची कबुली ठरू शकत होती. डोकं दुखतं असं म्हणायला मात्र कुणाची हरकत नव्हती, आणि त्यावर कामातून सूट मिळू शकत होती. डिप्रेशनच्या गोळ्यांनी अनेकांची लक्षणं कमी झाली. पण नोकरीचा किंवा घरचा गुंता सुटला नाही तिथे माणसं दवाखान्यात येतच राहिली.

म्हणजे कुठली तक्रार कुठे बोलता येते आणि कुठल्या तक्रारीला उत्तर मिळतं, हे समाज ठरवतो. दुखणं मात्र सगळीकडे अंगातच असतं.

आपल्या भाषेचंही बघा. "नैराश्य" हा वर्तमानपत्रातला शब्द आहे. माझ्या ओपीडीत २६ वर्षांत तो कुणा म्हाताऱ्या बाईच्या तोंडून मी ऐकलेला नाही. त्या म्हणतात, जीव घाबरतो, जिवाला बरं वाटत नाही, जीव लागत नाही कशात. हा "जीव" शरीर की मन? मराठीत त्याची फाळणी झालेलीच नाही. फाळणी आपण डॉक्टर करतो आणि मग त्यांना विचारतो, तुम्ही मनाचं शरीरावर का घेता?

मीनल_लेस्टर

डॉक्टर म्हणतात त्याची दुसरी बाजू सांगते. आमच्या ट्रेनिंगमध्ये लिव्हरपूलच्या एका संशोधनाबद्दल सांगितलं होतं. कारण न सापडलेल्या तक्रारी घेऊन आलेल्या लोकांचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं त्यांनी टेप केलं होतं. जवळजवळ प्रत्येक रुग्णाने बोलता बोलता घरचा किंवा मनाचा काहीतरी धागा सोडला होता. आणि आणखी तपासण्या, आणखी गोळ्या हे रुग्णापेक्षा डॉक्टरच जास्त वेळा सुचवत होते. मी तोवर समजत होते की पेशंटच स्कॅनसाठी हटून बसतात.

वाळव्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आईच्या डब्यातल्या रिकाम्या पट्ट्या मोजल्या. मागच्या महिन्यात २६ गोळ्या. मेडिकलवाल्याकडून आणते, नाव वाचलं तर एकाच गोळीत दोन वेदनाशामकं आणि कॅफिन आहे. मला वाटत होतं, आठवड्यातून एखादी घेत असेल.

आणि हो, पहाटे तीनला जाग येते. मग पडून राहते आणि पाचला उठते. हे मला माहीत नव्हतं, वडिलांनी सांगितलं.

घरचं सांगायचं तर, दोन वर्षांपूर्वी भावाने गोठ्यासाठी कर्ज काढलं, सातबारा आईच्या नावावरचा. म्हशी विकल्या गेल्या, भाऊ पुण्याला कंपनीत लागला आणि आता फोन फारसा करत नाही. आई याबद्दल बोलत नाही. भिशीलाही जायची बंद झाली आहे. पण चार वाजताच का दुखतं, ते कळत नाही. त्या वेळी घरात काहीच नसतं.

भुदरगडचा_डॉक्टर

चार वाजण्यामागे कथा शोधू नका. दिवसभर ताणलेली मान आणि तीनपासूनचं जागरण दुपारपर्यंत पुरतं. मागची गोळी उतरायची वेळही तीच असेल. प्रत्येक दुखण्याखाली एक गुपित दडलेलं असतं आणि ते सापडलं की दुखणं पळतं, असं मी तरी क्वचितच पाहिलं. गुपित खोदत बसलं की रुग्णाला आरोपीसारखं वाटतं.

२६ गोळ्या हे मात्र ठोस सापडलं. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळीच डोकं दुखवायला लागते. उतरली की दुखतं, दुखलं की पुन्हा घेतली. आधी ही साखळी तोडायची. बंद केल्यावर पहिले काही दिवस जास्त दुखतं, साधारण दोन ते दहा दिवस, हे आईंना आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी त्या म्हणतील, बघा, गोळीशिवाय मरते मी. बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. कोडीन असलेली किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर एकदम थांबवायची नसते.

एक वही करा. तारीख, दुखलं का, किती वेळ, गोळी, रात्रीची झोप. एवढंच. त्यात "भावना" असा रकाना नको.

पहाटे तीनची जाग, भिशी सुटणं, सकाळीच दमलेलं असणं, हे एकत्र पाहिलं तर मला डिप्रेशनची शंका येते. पण समोर बसल्याशिवाय मी ते निदान म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांना सांगा. रोजच्या अशा डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, झोपही सुधारते. डिप्रेशनसाठी मात्र तेवढा डोस पुरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तिचा निर्णय ईसीजी, वय, बाकीची औषधं बघून त्यांनीच घ्यायचा.

रेवती_ठाणे

पण हिमोग्लोबिन ११.८ आहे ना? थकवा त्याचाच नसेल कशावरून? लोहाच्या गोळ्या द्यायला काय हरकत आहे?

भुदरगडचा_डॉक्टर

द्यायला हरकत नाही. लोह कमी असेल तर द्यायलाच हवं. पण थकव्याचं सगळं बिल त्याच्यावर फाडू नका.

याच प्रश्नावर आपल्या शेजारी, गोव्यात, काम झालं आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या बायकांची पाहणी केली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे १२ टक्के बायकांना दीर्घकाळचा थकवा होता. सगळ्यांचा अंदाज होता की कारण रक्त कमी असणं हेच निघेल. थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो कर्जाशी, पोटभर न मिळण्याशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी, त्याच्या व्यसनांच्या काळजीशी, आणि उदासी नि चिंतेशी. आपल्या गावांत अशा बाईला अशक्तपणा म्हणून ताकदीचं इंजेक्शन आणि सलाईन मिळतं. मीही प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत शेकडो लावली असतील. तिला दोन दिवस बरं वाटायचं, कारण एक तास कुणी तिला पडू दिलेलं असायचं. मला ते उशिरा समजलं आणि त्याचं वाईट वाटतं.

पांथस्थ

हे वाचून एक शंका. कर्ज, नवरा, उपास ही कारणं असतील तर त्याला आजार म्हणून गोळी देणं म्हणजे पुन्हा मूळ गोष्ट झाकणंच नाही का?

भुदरगडचा_डॉक्टर

याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. झोप आली, डोकं हलकं झालं तर कर्जाचा विचार करायला बळ येतं, म्हणून मी गोळी देतो. कर्ज त्याने फिटत नाही. यावर इथे इतरांनीही लिहावं.

वाळव्याची_लेक

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे.

डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरबाईंनी मान आणि खांदे दाबून पाहिले, आई एके ठिकाणी कळवळली. तेव्हा त्या म्हणाल्या, "इथे खरंच दुखतंय हो तुमचं." आईचा चेहरा मी बघत होते. मग त्यांनी विचारलं, "एवढं दुखतं तेव्हा जिवाला काय वाटतं?" आई म्हणाली, "जगून काय करायचं असं वाटतं कधी कधी." मी शेजारी बसले होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. आई नाही म्हणाली. तरी त्यांनी आठवड्याने परत बोलावलं आणि रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मला लिहून दिला.

ईएसआर ठीक आला. जुन्या गोळ्या बंद केल्या. चार दिवस फार वाईट गेले, पाचव्यापासून उतार पडला. वहीप्रमाणे गेल्या आठवड्यात तीन दिवस दुखलं, चार दिवस नाही. रात्रीची गोळी सुरू आहे, तोंड कोरडं पडतं म्हणते. झोप आता साडेचारपर्यंत लागते. थकवा आहे तसाच आहे. मनोविकारतज्ज्ञांचं नाव काढलं की "मी काय वेडी आहे?" म्हणून उठून जाते, तिथे अजून अडलंय.

भावाला मी फोन केला. तो म्हणाला, येतो. अजून आलेला नाही. काल आईने स्वतःहून वही मागून घेतली आणि "दुखलं का" या रकान्यात लिहिलं, "डोकं नाही. जीव दुखला."

भुदरगडचा_डॉक्टर

वही पुढच्या वेळी डॉक्टरबाईंना दाखवा. तेवढी ओळ त्यांना वाचू द्या, तुम्ही समजावून सांगू नका.